वीस उड्यांनंतर दोरी पायात अडकते? कात्री घेण्याआधी हात तपासा

तक्रार साधारण अशी असते. पहिल्या पंधरा-वीस उड्या छान जातात. लय लागली असं वाटतं, आणि तेवढ्यात दोरी बुटाच्या टोकावर आपटते. पुन्हा सुरू करायचं, पुन्हा वीस-पंचवीस, पुन्हा फटका. दहा मिनिटांच्या व्यायामात चार मिनिटं दोरी पायातून सोडवण्यात जातात. दम तर लागतो, पण तो उड्यांचा की चिडचिडीचा ते कळत नाही. हृदयाचे ठोके जरा वर चढले की आपण थांबलेलो असतो, त्यामुळे ज्यासाठी दोरी हातात घेतली ते बाजूलाच राहतं.

मी या चक्रात दोन महिने होतो आणि त्या काळात एक चांगली दोरी कापून बसलो. तो किस्सा आधी सांगतो, कारण चूक नेमकी कुठे होते ते त्यातच दिसतं.

माझी उंची १६८ सेंटिमीटर. आणलेली दोरी मुठींसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली तर ३०० सेंटिमीटर भरत होती. एवढी लांब दोरी फिरवताना ती पायांच्या बऱ्याच पुढे जमिनीवर आपटते, तिथून उसळते आणि वेडीवाकडी होऊन पायाशी येते. ते टाळायला मी नकळत हात बाहेर फाकवून उड्या मारायला लागलो. हात फाकवले की दोरीचा तळ वर येतो, जास्तीची लांबी खपते आणि काम चालून जातं. बेढब दिसतं, पण चालतं.

मग कुणीतरी सांगितलं की दोरी फार लांब आहे. ते खरंच होतं. मी ती २५८ केली, जे माझ्या उंचीला अगदी योग्य माप आहे. तरी अडकणं थांबेना. उलट आता ते वीस उड्यांनंतर हमखास व्हायला लागलं. मी काढलेला निष्कर्ष असा की अजून लांब आहे. पुन्हा कात्री, २४०. त्यानंतर दहा उड्यासुद्धा सलग होईनात, आणि झाल्या तर प्रत्येक उडी हातभर उंच मारावी लागे. आठवड्याभरात नडग्या ठणकायला लागल्या.

दोरी कमी झाली, पण हात फाकलेलेच राहिले होते. लांब दोरीने लावलेली सवय आखूड दोरीवर तशीच चालू होती आणि मी शिक्षा दोरीला करत होतो.

लांबी दोरीची नसते, मुठीपासून जमिनीपर्यंतची असते

हे एकदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फिरणारी दोरी तळाशी येते तेव्हा तिचा आकार ढोबळमानाने खाली लोंबणाऱ्या कमानीसारखा असतो. २५८ सेंटिमीटरची दोरी, दोन मुठींमध्ये ६० सेंटिमीटर अंतर, मुठी कमरेच्या पातळीवर, म्हणजे माझ्या बाबतीत जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटर. अशी कमान मुठींच्या खाली साधारण १०९ सेंटिमीटर उतरते. म्हणजे जमिनीला टेकून वर १३-१४ सेंटिमीटरची मोकळीक उरते. सुरुवातीच्या माणसाला एवढी मोकळीक पुरेशी आहे.

आता दमल्यावर काय होतं ते बघा. प्रत्येक हात २० सेंटिमीटर बाहेर गेला, मुठींमधलं अंतर ६० वरून १०० झालं. कमानीचा तळ साधारण दहा सेंटिमीटर वर येतो. एवढ्यानेही दोरी जेमतेम टेकते. पण हात बाहेर जातात तेव्हा खांद्यातून उचललेही जातात. मुठी १० सेंटिमीटर वर आल्या तर तळ सरळ सरळ १० सेंटिमीटर वर येतो. दोन्ही मिळून वीस गेले. मोकळीक होती तेरा-चौदाची. दोरी आता जमिनीला टेकतच नाही, सहा-सात सेंटिमीटर अधांतरी जाते, आणि आपली उडी तर दोन-तीन सेंटिमीटरचीच असते. फटका बसणारच.

हा हिशेब ढोबळ आहे. वेगात दोरीचा आकार थोडा बदलतो, प्रत्येकाच्या हाताची लांबी वेगळी असते. पण यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हात बाहेर जाण्यापेक्षा तेवढाच वर जाणं जास्त महागात पडतं. बहुतेकजण 'कोपरं आत घे' एवढंच सांगतात. कोपरं आत ठेवून मुठी छातीपाशी आणल्या तरी दोरी अडकतेच.

तीच आकडेमोड २४० ला लावली तर माझी फजिती समजते. हात जागेवर असतील तर २४० लाही पाच-सहा सेंटिमीटर मोकळीक उरते. सराईत लोक एवढीच ठेवतात, कारण आखूड दोरी वेगाने फिरते. पण फाकलेल्या आणि वर उचललेल्या हातांनी तीच दोरी जमिनीपासून चौदा-पंधरा सेंटिमीटर वर राहते. मग प्रत्येक उडी त्याहून उंच मारा, नाहीतर अडका.

आधी माप घ्या, पण कापू नका

दोरीच्या मधोमध एक पाय ठेवा. दोन्ही मुठी सरळ वर ओढा, दोरी ताठ होईल एवढ्याच, ताणायची नाही. मुठींची टोकं काखेपाशी आली पाहिजेत. खांद्याच्या वर जात असतील तर लांब आहे. छातीच्या मध्यावर येत असतील तर ती सराईताची लांबी आहे, शिकणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. मापटेपने मोजायचं असेल तर उंचीत ९० सेंटिमीटर मिळवा, मुठी धरून. १५० उंचीला २४०, १६८ ला २५८, १८० ला २७०. दोन्ही पाय ठेवून मोजू नका, पायांखालच्या रुंदीत काही सेंटिमीटर जातात आणि माप फसवं येतं. वेष्टणावर छापलेली लांबी कधी मुठींसकट असते, कधी नुसत्या दोरीची. मुठी दोन मिळून ३० सेंटिमीटरच्या आसपास भरतात, त्यामुळे छापील आकड्यावर विसंबण्यापेक्षा स्वतः मोजलेलं बरं.

लांब निघाली तर कात्री लगेच काढू नका. मुठीच्या अगदी जवळ एक साधी गाठ मारा. दोरीच्या जाडीप्रमाणे एका गाठीत चार-पाच सेंटिमीटर जातात. जास्त कमी करायची असेल तर दोन्ही बाजूंना सारख्या गाठी मारा. गाठ मधोमध मारायची नाही, तिथे दोरी जमिनीवर घासते आणि गाठीच्या वजनाने फेरा लडबडतो. बऱ्याच दोऱ्यांत मुठीच्या आत जास्तीची दोरी गुंडाळून ठेवायची किंवा टोपी उघडून ओढून घ्यायची सोय असते, ती असेल तर गाठीचीही गरज नाही. या मापावर निदान दोन-तीन आठवडे उड्या मारा. हात जागेवर बसल्याशिवाय आपल्याला कोणती लांबी लागते ते कळतच नाही, आणि कापलेली दोरी वाढत नाही.

लांबी पाहतानाच दोरी मुठीत मोकळी फिरते का तेही बघा. एक मूठ धरून दुसरं टोक लोंबतं सोडा आणि दोरीला बोटांनी पीळ द्या. पीळ मुठीतून निघून गेला पाहिजे. तो दोरीतच राहत असेल तर पन्नास उड्यांनंतर दोरीला आठाच्या आकाराची मुरड पडते आणि ती कितीही योग्य लांबीची असली तरी अडकते. नवी प्लास्टिकची दोरी घडीच्या सुरकुत्या धरून असते. तिला कोमट-गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून सरळ टांगली की ती निवळते. अगदी बारीक तारेच्या दोऱ्या शिकायला घेऊ नयेत असं माझं मत आहे. त्या कुठे आहेत ते हाताला जाणवत नाही, आणि पायावर बसल्या की वळ उठतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची दोरी, किंवा मण्यांची दोरी, दर फेऱ्याला जमिनीवर टक्क असा आवाज करते. त्या आवाजाचा पुढे उपयोग आहे.

दोरी लागते कुठे?

माप बरोबर असूनही अडकत असेल तर पुढच्या दहा वेळा अडकेल तेव्हा एकच बघा, दोरी शरीराला कुठे लागली. चिडून लगेच सोडवायला जाऊ नका, आहे तिथे थांबून खाली बघा.

बुटाच्या टोकावर, समोरून लागत असेल तर दोरी आली तेव्हा पाय अजून जमिनीवर होते, किंवा दोरीचा तळ वर उचलला गेला होता. पहिल्या पाच-सहा उड्यांतच असं होत असेल तर वेळ चुकते आहे, तुम्ही उशिरा उडता. वीस-पंचवीसनंतर होत असेल तर वेळ बरोबर आहे आणि हात सरकले आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हीचा उपाय वेगळा.

दोरी बुटाच्या टोकाखालून निघून गेली आणि मागे टाचेशी दाबली गेली तर तुम्ही फार लवकर उतरलात. बहुधा दोरी संथ आहे. टाचा मागे झाडत उडणाऱ्यांचं वेगळं. गुडघे वाकवून पाय मागे फेकले की आपल्याला वाटतं उडी उंच झाली, पण बोटं खालीच लोंबत असतात आणि दोरी तिथे अडकते. डोक्याला किंवा पाठीमागे मानेला लागत असेल तर दोरी खरोखर आखूड आहे, किंवा मुठी शरीराच्या फार पुढे गेल्या आहेत. डोक्यावरून जाताना साधारण वीतभर मोकळी जागा असावी. आणि पायांच्या वीतभर किंवा त्याहूनही पुढे जमिनीवर जोरात आपटून उसळत असेल तर लांब आहे.

मी स्वतःला बघितलं ते भाच्यामुळे. त्याने समोर उभं राहून फोनवर संथ गतीचा व्हिडिओ काढला. पहिल्या आठ-दहा उड्यांत माझ्या मुठी पँटच्या खिशांच्या उंचीवर होत्या. बाराव्या उडीला उजवी मूठ खिशाच्या वर. अठराव्या उडीला दोन्ही मुठी बरगड्यांपाशी आणि कोपरं कोंबडीच्या पंखासारखी बाहेर. एकविसाव्याला फटका. भाचा म्हणाला, "मामा, तू दोरी फिरवत नाहीयेस, पोहतोयस." ते खरं होतं. मनगट कधीच थांबलं होतं आणि सगळं काम खांदा करत होता. खांदा मनगटापेक्षा ताकदवान आहे, म्हणून मनगट थकलं की शरीर आपोआप काम त्याच्याकडे सोपवतं. पण खांद्याने दोरी फिरवायची तर हाताला मोठं वर्तुळ काढावं लागतं, आणि मोठ्या वर्तुळाला हात बाहेर आणि वर जावाच लागतो.

तुमचाही असा एक व्हिडिओ काढून बघा. फोन कमरेच्या उंचीवर ठेवा, बाजूने नको, समोरून.

हात जागेवर बसवणं

दोन छोट्या नॅपकिनांच्या गुंडाळ्या करा, मनगटाएवढ्या जाड. कोपराच्या जरा वर, दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये एकेक धरा. आता उड्या मारा. खांदा कामाला लागला की नॅपकिन पडतो, तेव्हाच थांबायचं, दोरी अडकण्याची वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी माझा नॅपकिन नवव्या उडीला पडला. म्हणजे नऊच उड्या खऱ्या होत्या, पुढच्या बारा मोकळिकीवर जगत होत्या.

दंड असे अंगाला लागलेले, कोपरातून हात किंचित बाहेर आणि पुढे, मुठी कमरेच्या पातळीवर. समोर बघत असताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून मुठी अंधुक दिसाव्यात. अजिबात दिसत नसतील तर त्या मागे गेल्या आहेत, ठळक दिसत असतील तर वर आल्या आहेत. मूठ आवळू नका. अंगठा मुठीच्या अंगावर सरळ ठेवून बोटांनी हलकं धरा. आवळलेल्या हाताचं मनगट फिरत नाही, आणि मग बोलावणं पुन्हा खांद्याला जातं. मनगटाचं वर्तुळ चहाच्या बशीपेक्षा मोठं नको.

नॅपकिन वीस उड्या टिकायला मला पाच-सहा दिवस लागले, पन्नासला अजून दोन आठवडे. हातांच्या पुढच्या भागात, कोपराखाली, जळजळ होते. ती ठीक आहे. खांदे भरून येत असतील तर अजून चूक चालू आहे.

उडी किती, आणि दोन का?

दोरी काही मिलिमीटर जाडीची. तिच्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर उडी भरपूर होते. चवड्यांवर उडायचं, चवड्यांवर उतरायचं, गुडघे किंचित सैल. टाच जमिनीला टेकलीच तर हलकी टेकावी, आपटू नये. उतरल्याचा आवाज दोरीच्या टक्कपेक्षा मोठा येत असेल तर उडी उंच आहे. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फक्त दोरी ऐकू यावी.

उशिरा उडणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. दोन्ही मुठी एकाच हातात धरा आणि दोरी शरीराच्या बाजूला फिरवा. दोरी टक्क वाजली की उडा, रिकामंच. अडकण्याचा प्रश्नच नाही. कान आणि पाय जुळले की हात बदला. प्रत्येक बाजूला एकेक मिनिट पुरतं. दोरी दिसली की उडायचं, असं डोळ्यांवर चालणाऱ्यांना उशीर होतोच, कारण दोरी दिसते तेव्हा ती जवळ आलेली असते.

बरेच जण एका फेऱ्याला दोन उड्या मारतात. एक खरी, एक मधली छोटी. लहानपणी सगळे असंच शिकतात, आणि त्यात पाप काही नाही, पण कार्डिओसाठी ते आड येतं. दोरी मिनिटाला साठ-सत्तर फेरे घेते, पायांवरचे आघात मात्र दुप्पट. संथ दोरीची कमान ढिली पडते, म्हणून ती अडकतेही जास्त. मधली उडी गाळायची म्हणून लोक उडी रोखून धरायला बघतात. ते जमत नाही, कारण शरीराची चवड्यांवर उडण्याची स्वतःची एक लय आहे, सेकंदाला साधारण दोन. उडी तशीच राहू द्या आणि दोरीचा वेग वाढवा. फोनवर तालयंत्राचं ॲप मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा, आधी बिनदोरीचं त्यावर अर्धा मिनिट उडा, मग हातात दोरी घेऊन प्रत्येक ठोक्याला एक टक्क. मधल्या उडीला जागाच उरत नाही.

आता दम

हात बसले, एकेरी उडी जमली, तरी एक अडचण उरते. मिनिटभरात धाप लागते, धापेने लय जाते, आणि पुन्हा दोरी अडकते. यात तुमचा स्टॅमिना फार वाईट आहे असं नाही. मिनिटाला १००-१२० उड्या म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा अकरा-बारा पट ऊर्जा. ताशी अकरा-बारा किलोमीटर वेगाने धावण्याच्या जवळपास. पळताना माणूस वेग कमी करून जॉगिंग करू शकतो, त्यापेक्षा हळू चालूही शकतो. दोरीला ती सोय नाही. फार हळू फिरवली तर ती खालीच पडते. तिचा सर्वांत कमी वेगच नवख्या माणसासाठी जवळजवळ पळण्याइतका आहे. म्हणून सलग दहा मिनिटांचं ध्येय ठेवणं सुरुवातीला निरर्थक. तुकडे पाडायचे.

तुकडा किती मोठा, हे घड्याळ नाही, तुमचा फटका ठरवतो. पंचविसाव्या उडीला हात सुटत असतील तर विसाव्याला आपणहून थांबा. दोरी जमिनीवर सोडा, अर्धा-पाऊण मिनिट जागच्या जागी चाला, पूर्ण वाक्य बोलता येईल इतका श्वास परत येऊ द्या, मग पुढचा तुकडा. असे दहा. सुरुवातीला मी वीस उड्या आणि चाळीस सेकंद विश्रांती असं करत होतो. दहा मिनिटांत दोनशे उड्या, आणि अडकणं एखाद-दुसरं. दुसऱ्या आठवड्यात तीस, मग चाळीस. सहाव्या आठवड्यात अर्धा मिनिट उडी, अर्धा मिनिट विश्रांती, असे पंधरा तुकडे झाले. त्यात नऊशेच्या आसपास उड्या होतात आणि शेवटच्या पाच तुकड्यांत तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही. कार्डिओ तो हाच. फटका बसेपर्यंत रेटत राहिलं तर शरीर फाकलेल्या हातांचाच सराव करत राहतं.

एक मात्र पाळा. तुकड्याची लांबी आणि तुकड्यांची संख्या एकाच आठवड्यात वाढवू नका, आणि आठवड्यातून तीन-चार दिवसच, मध्ये एक दिवस सोडून. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर त्यांच्यापेक्षा बऱ्याच मागे असतात, आणि दम टिकतो म्हणून उड्या वाढवणाऱ्यांच्या नडग्या इथेच दुखायला लागतात. सिमेंटच्या फरशीपेक्षा लाकडी जमीन किंवा पातळ रबरी मॅट चांगली. फार मऊ मॅट किंवा गवत नको, त्यावर दोरी टक्क वाजत नाही आणि अडकते. बूट चवड्याखाली जाड असलेले घ्या.

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं सुरू झालं तर आठवडाभर थांबा आणि परत सुरू कराल तेव्हा अर्ध्या उड्यांवर. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवा, ती हाडाची बारीक चीर असू शकते. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तरी तसंच. गरोदरपणात, बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, हृदयाचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर आधी विचारूनच दोरी हातात घ्यावी. उडताना लघवीचे थेंब जात असतील तर लाजून दुर्लक्ष करू नये. ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट यावर उपाय करतात.

ती कापलेली २४० ची दोरी मी फेकली नव्हती, खुंटीवर तशीच लोंबत होती. नवी दोरी २५८ वर ठेवून पाच महिने उड्या मारल्या. एक दिवस नव्या दोरीची एक मूठ निसटली, म्हणून नाइलाजाने जुनी काढली. नॅपकिन न घेता सलग एकशे दहा झाल्या.